‘द्यावी’चं इंग्रजी

आमच्या वाडीत अर्ज लिहून द्यायचं काम आधी माझ्या वडिलांकडे होतं, ते गेल्यावर माझ्याकडे आलं. विजेचा खांब वाकला, पाखाडीची पायरी निखळली, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं राहिलं, की माणूस कागद घेऊन ओटीवर येऊन बसणार. कागद कुठल्याही कचेरीचा असो, त्याचा शेवट ठरलेला असायचा: ‘तरी माझा अर्ज मंजूर करावा, ही नम्र विनंती.’ हे ‘करावा’ इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की त्यात काय काय भरलेलं आहे, याचा विचार कुणी कशाला करतोय? तो विचार करायची वेळ माझ्यावर 2021 च्या जुलैत आली, तीही एका इंग्रजी पत्रामुळे.

माझी धाकटी पुतणी तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजात भूगोल घेऊन एम.ए. करत होती. करोनामुळे वर्ग मोबाइलवर भरत, म्हणून ती गावीच होती, संगमेश्वर तालुक्यात आमच्या घरी. दुसऱ्या सत्रासाठी तिला आपल्याच गावच्या जमीनवापराचा अहवाल करायचा होता. वरकस किती, भातशेती किती, सड्यावर काय, काजूखाली काय, हे सगळं लिहायचं आणि दोन नकाशे जोडायचे. अहवाल द्यायची तारीख सोमवार, 26 जुलै.

त्या आठवड्यात पावसाने काय केलं, ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. 22 तारखेला, गुरुवारी पहाटे चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. महामार्गावरचा जुना पूल खचला, कोकण रेल्वे थांबली. आमच्या वाडीत पूर आला नाही, आम्ही उंचावर आहोत. पण खालच्या मळ्यात नुकताच लावलेला भात चिखलाखाली गेला आणि वीज गेली ती गेलीच. टॉवर बंद पडला, मोबाइल मुका झाला. तलाठ्याच्या कार्यालयाला कुलूप, कारण तलाठी पंचनाम्यांवर. पुतणीच्या अहवालाची नऊ पानं हाताने लिहून झाली होती, पण नकाशांवरचे सर्व्हे नंबर कार्यालयातल्या कागदाशी पडताळून बघायचे राहिले होते.

शनिवारी सकाळी ती वही घेऊन माझ्याकडे आली. “काका, सरांना मुदतवाढीचं पत्र लिहिलंय. जरा बघाल काय? मग सड्यावर जाऊन पाठवते.” सड्यावर एका जांभ्याच्या कातळावर उभं राहिलं की लांबच्या टॉवरची एक दांडी मिळायची. पत्र इंग्रजीत होतं, कारण हे प्राध्यापक दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. तिने त्यांना प्रत्यक्ष कधी बघितलंही नव्हतं.

मी बत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. पत्र वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. ते असं होतं:

“रिस्पेक्टेड सर, आय कुड नॉट सबमिट द असाइनमेंट बिकॉज ऑफ हेवी रेन. यू शुड गिव्ह मी एक्स्टेन्शन. आय वॉन्ट टेन डेज. यू मस्ट अंडरस्टँड माय प्रॉब्लेम. काइंडली रिप्लाय इमिजिएटली.”

स्पेलिंगची एकही चूक नाही. व्याकरणाच्या पेपरात यातल्या बहुतेक वाक्यांना पूर्ण गुण मिळाले असते. आणि तरी ज्याला पत्र जाणार, त्याला ते वाचून वाटलं असतं, की ही मुलगी माझ्या डोक्यावर बसून हुकूम सोडते आहे. पोरगी तर बोलण्यात मऊ, कुणाला ‘अरे’ म्हणायची नाही. मग पत्रात हा ताठा आला कुठून?

मी तिला म्हटलं, “हे आधी मराठीत वाच बघू.” तिने वाचलं: “आपण मला मुदतवाढ द्यावी. मला दहा दिवस हवे आहेत. आपण माझी अडचण समजून घ्यायला हवी.” मराठीत काहीच खटकलं नाही. पहिलं वाक्य तर अर्जातलं, अगदी नम्र. घोटाळा तिथेच होता.

आमच्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘द्यावी’, ‘करावे’, ‘यावे’ हा विध्यर्थ. हा एकटा गडी घरातली चार कामं करतो. ‘मुलांनी वडीलधाऱ्यांचं ऐकावं’ म्हटलं की ते कर्तव्य. ‘पाऊस आता थांबावा’ म्हटलं की इच्छा. ‘तो आता पोचला असावा’ म्हटलं की अंदाज. आणि ‘मुदत द्यावी’ म्हटलं की विनंती. कुठलं काम चाललंय, ते आपण बोलणाऱ्याच्या सुरावरून आणि समोर कोण आहे त्यावरून ओळखतो. इंग्रजीने मात्र या प्रत्येक कामाला वेगळा गडी ठेवला आहे. कर्तव्याला ‘शुड’, अंदाजाला ‘मस्ट’ किंवा ‘मे’, विनंतीला ‘कुड’ आणि ‘वुड’. शाळेतल्या तक्त्यात मात्र एकच ओळ असते: ‘-वे म्हणजे शुड’. तो तक्ता पोरांच्या इतका डोक्यात बसतो, की ‘मुदत द्यावी’ लिहिताना हात आपोआप ‘शुड’कडे जातो. आणि ‘यू शुड गिव्ह’चा अर्थ होतो, ‘देणं तुमचं कर्तव्य आहे, तुम्ही ते चुकवताय.’

मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, “पण मी वर ‘रिस्पेक्टेड’ लिहिलंय, खाली ‘काइंडली’ लिहिलंय.” हेही अगदी आपल्याकडचं. मराठीत मान ठेवायच्या जागा पुष्कळ आहेत. ‘तू’ची ‘तुम्ही’ केली, ‘तुम्ही’चं ‘आपण’ केलं, ‘ये’चं ‘या’ केलं, ‘या’चं ‘यावं’ केलं, की मान आपोआप जातो. इंग्रजीत कुत्र्यालाही ‘यू’ आणि कुलगुरूंनाही ‘यू’. सर्वनामात मान ठेवायला जागाच नाही, क्रियापदाच्या शेवटालाही नाही. म्हणून ती भाषा सगळा मान त्या लहानशा मदतनीस क्रियापदांवर टाकते. तिथे चूक झाली, तर वर कितीही ‘रिस्पेक्टेड’ चढवा आणि खाली कितीही ‘काइंडली’ जोडा, मधला हुकूम हुकूमच राहतो. ‘काइंडली रिप्लाय इमिजिएटली’ म्हणजे ‘कृपया ताबडतोब हजर व्हा’ अशी नोटीस. तिथे ‘कृपया’ असून कुणाला गोड वाटत नाही.

आतून माझी आई ऐकत होती. तेव्हा ती नव्वदीला टेकलेली, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. तिने चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं, “सायबाकडं गेल्यावर आपण काय म्हनतो? ‘सायेब, जरा काम हुतं.’ मग? काम तर आत्ता हाय. ‘हुतं’ कशाला म्हनतो?”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. बत्तीस वर्षांत मला ‘कुड’ इतक्या सरळ शब्दांत शिकवता आलं नव्हतं. काम आत्ता आहे, माणूस समोर उभा आहे, आणि तरी आपण ‘काम आहे’ न म्हणता ‘काम होतं’ म्हणतो. ‘विचारतो’ न म्हणता ‘विचारायचं होतं’ म्हणतो. भूतकाळ वापरून आपण ती गरज जरा लांब ठेवतो, म्हणजे समोरच्याला ‘आज नाही जमत’ म्हणायला वाट राहते. ‘कॅन’चं ‘कुड’ होतं आणि ‘विल’चं ‘वुड’ होतं, ते नेमकं याच कारणाने. रूप भूतकाळाचं, काम आजचं. ‘कॅन यू गिव्ह’ म्हणजे ‘देता का?’ आणि ‘कुड यू गिव्ह’ म्हणजे ‘द्याल का, असं विचारायचं होतं.’

आजीचं हे ऐकून पुतणीचा चेहरा उजळला. तिला आणखी एक आठवलं. “काका, दुकानात आपण ‘साखर द्या’ म्हणतो, पण उधार हवी असली की ‘साखर मिळेल काय?’ म्हणतो.” हीसुद्धा खूण बरोबर होती. मागणं अवघड असलं की आपण देणाऱ्याला वाक्यातून बाजूला काढतो. ‘द्याल का’पेक्षा ‘मिळेल का’, ‘जमेल का’, ‘होईल का’. नाही म्हणायचं झालं तरी त्याने ‘देत नाही’ म्हणायला नको, ‘जमत नाही’ म्हटलं की झालं. इंग्रजीत याचाच भाऊ ‘वुड इट बी पॉसिबल’. यात ‘यू’ कुठेच नाही.

मग आम्ही एकेक वाक्य घेतलं. पहिलं ‘आय कुड नॉट सबमिट’. इथे ‘कुड’ नम्र नाही, इथे ते खरंच भूतकाळ सांगतं: ‘मी देऊ शकले नाही.’ म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार, तारीख उलटून गेली आणि ही आता जागी झाली. तारीख तर परवाची होती. तिचा सगळ्यात मोठा आधार हाच होता, की ती वेळेआधी विचारत होती, आणि तोच त्या एका शब्दाने जात होता. मी विचारलं, “तुझं नक्की काय होणार नाही?” ती म्हणाली, “नकाशे. पानं नऊ तयार आहेत.” मग ‘मे नॉट’ घालायचं की ‘विल नॉट’, यावर आम्ही थोडा वेळ घालवला. ‘मे नॉट’ म्हणजे ‘कदाचित होणार नाही’, म्हणजे झालंही असतं. ते जास्त नरम दिसतं खरं, पण खरं नव्हतं. कार्यालयच बंद म्हटल्यावर सोमवारपर्यंत सर्व्हे नंबर पडताळून होणार नव्हते, हे ठरलेलं होतं. म्हणून ‘आय विल नॉट बी एबल टू’ घेतलं. नरमाई मागण्यात ठेवायची. जे घडलंय ते सरळ सांगायचं. कारणातही ‘मे’ आणि ‘माइट’ पेरले की माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं.

‘आय वॉन्ट टेन डेज’ काढलं. आपल्या ‘मला हवे आहेत’मध्ये गरज असते, ‘वॉन्ट’मध्ये नुसती मागणी उरते. शिवाय दहा दिवस कुठून आले, हे तिलाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, “दिवस मोज. तलाठी कधी बसेल? वीज कधी येईल?” मोजल्यावर सात दिवस पुरे झाले, आणि तारीख आली सोमवार, 2 ऑगस्ट. मुदतवाढ मागताना तारीख आपण सांगावी, नाहीतर ती ठरवायचं ओझंही समोरच्यावर पडतं.

‘यू मस्ट अंडरस्टँड’ तिने स्वतःच खोडलं. ‘मस्ट’ हा बोलणाऱ्याच्या अधिकाराचा शब्द. विद्यार्थ्याने तो प्राध्यापकाच्या बाबतीत वापरायचा नाही. पण तलाठ्याकडे जाणं भाग आहे, हे सांगायला काहीतरी लागणारच होतं. तिथे ‘हॅव टू’ बसवलं. ‘मस्ट’मध्ये माणूस लादतो, ‘हॅव टू’मध्ये परिस्थिती लादते. आपल्या ‘जावं लागतं’ला तेच सगळ्यात जवळचं.

शेवटी पत्र असं झालं:

“डिअर सर, आय ॲम अ स्टुडंट इन युअर सेकंड सेमिस्टर क्लास. द लँड-यूज रिपोर्ट इज ड्यू ऑन मंडे, ट्वेंटी-सिक्स्थ जुलै. माय व्हिलेज इन रत्नागिरी डिस्ट्रिक्ट हॅज हॅड नो इलेक्ट्रिसिटी सिन्स थर्सडे बिकॉज ऑफ द फ्लड्स, ॲन्ड द तलाठी ऑफिस, व्हेअर आय हॅव टू चेक द सर्व्हे नंबर्स, इज क्लोज्ड. नाइन पेजेस आर रेडी, बट आय विल नॉट बी एबल टू फिनिश द टू मॅप्स बाय मंडे. वुड इट बी पॉसिबल टू सबमिट द रिपोर्ट बाय मंडे, सेकंड ऑगस्ट? इफ नॉट, आय कुड सेंड द नाइन पेजेस नाऊ ॲन्ड द मॅप्स लेटर. थँक यू फॉर कन्सिडरिंग धिस.”

पहिल्या पत्रातलं ‘कुड’ गेलं आणि शेवटी पुन्हा आलं, ते बघा. आधी ते चुकीने ‘देऊ शकले नाही’ सांगत होतं. आता ते ‘हवं तर असंही करता येईल’ सांगतंय. शब्द तोच, जागा वेगळी. आणि ‘काइंडली’ कुठेच नाही, तरी पत्र नम्र आहे.

तिला आता हात लागला होता. ती म्हणाली, “मग आणखी नम्र करूया का? ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिब्ली’ असं?” ते मी थांबवलं. घरी आलेला पाहुणा दहा वेळा ‘त्रास देतो, माफ करा’ म्हणू लागला, की आपणच अवघडतो आणि याला नक्की किती पैसे हवेत, अशी शंका येते. पत्राचंही तसंच. मागणी लहान असेल तर एक ‘वुड’ पुरतं. सात दिवसांच्या मुदतीला तीन तीन पदर लावले, तर वाचणारा मागणी शोधत बसतो. आपल्या अर्जांतही ‘गरिबावर दया करावी, आपले उपकार जन्मभर विसरणार नाही’ असं लिहायची रीत होती. वडील ते कुणी सांगितलं तरी लिहीत नसत. म्हणत, “खांब वाकलाय, तो सरळ करायचाय. यात दया कसली?”

दुपारी पाऊस उघडला तशी ती सड्यावर गेली आणि पत्र पाठवून आली. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, पण पत्रात ते घालू नको, असं मीच सांगितलं. मागणं आणि नमस्कार एकत्र बांधले, की नमस्काराची किंमत जाते.

रविवारी संध्याकाळी ती पुन्हा कातळावर जाऊन उत्तर घेऊन आली. सरांनी लिहिलं होतं: तयार पानं सोमवारीच पाठवायची, नकाशे शुक्रवार, 30 जुलैपर्यंत. म्हणजे तिने मागितली त्यापेक्षा मुदत तीन दिवसांनी कमी, पण तिने शेवटी जो दुसरा रस्ता सुचवला होता, तोच त्यांनी उचलला होता. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या उत्तरात आमचे सगळे शब्द परत आले होते, वरून खाली येताना. “यू मे सेंड द मॅप्स बाय फ्रायडे”: हे ‘मे’ परवानगीचं, पाठवायला हरकत नाही. “यू शुड सेंड द नाइन पेजेस टुमॉरो”: हे ‘शुड’ इथे शोभतं, कारण कर्तव्य सांगायचा अधिकार त्यांना आहे. आणि ते ऐच्छिक नाही. ‘पाठवलीस तर बरं’ असा त्याचा अर्थ नाही, ‘पाठव’ असाच आहे.

शेवटचं वाक्य होतं: “यू माइट वॉन्ट टू मार्क द फ्लड लेव्हल ऑन द मॅप.” पुतणी म्हणाली, “माइट म्हणजे कदाचित. म्हणजे नाही केलं तरी चालेल ना?” तक्ता तसंच सांगतो. पण वरच्या माणसाच्या तोंडी ‘यू माइट वॉन्ट टू’ आलं, की ते आपल्या ‘हे केलंस तर बरं होईल हो’सारखं असतं. सासऱ्यांनी सुनेला “आज कुळथाची पिठी झाली तर बरं” म्हटलं, तर ती पिठी होते की नाही? आपल्याला मुदत मागताना जी नम्रता वापरायची असते, तीच वरची माणसं सूचना देताना वापरतात. मागताना ती नीट वापरली आणि उत्तरात ती ओळखता आली नाही, तर अर्धंच काम झालं.

सोमवारी तिने हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो काढून पाठवले. मंगळवारी ती खालच्या मळ्यात गेली. पाणी उतरलं होतं, पण बांधावरच्या आंब्याच्या खोडावर चिखलाची रेघ स्पष्ट दिसत होती. शेजारच्या आजोबांनी यापूर्वीच्या पुराची जागाही काठीने दाखवली. ती यंदाच्या रेघेच्या हातभर खाली होती. दोन्ही रेघा तिने फितीने मोजून घेतल्या. बुधवारी तलाठी भाऊ वाटेत भेटले, त्यांनी उभ्या उभ्या सर्व्हे नंबर तपासून दिले. नकाशे गुरुवारी गेले, मुदतीच्या एक दिवस आधी.

त्यानंतर वाडीतली पोरं आता इंग्रजी पत्रंही माझ्याकडे आणतात. नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्तीची चौकशी, बँकेला तक्रार. मी पेन उचलण्याआधी एकच सांगतो: त्या माणसाच्या दारात उभा राहून तू हे मराठीत कसं म्हणशील, ते आधी म्हणून दाखव. पोरगं म्हणतं, “साहेब, जरा विचारायचं होतं, की जमेल काय...” त्याचं ‘कुड’ आणि ‘वुड’ त्यातच असतं. ते तसंच उचलून इंग्रजीत ठेवायचं, आणि ‘द्यावी’ दिसली की तिथे ‘शुड’ लिहायला गेलेला हात तेवढा धरायचा.